गोदामाचा विमा: आग, चोरी आणि बुडालेला पुरवठादार

भिवंडीकडचा चार हजार चौरस फुटांचा एक भाड्याचा गाळा घेऊ. त्यात मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे यांचा घाऊक व्यापार चालतो. वर्षाची उलाढाल साधारण ६ कोटी. एरवी गोदामात ८० लाखांचा माल असतो, पण गणपती झाले की दिवाळीची भरती सुरू होते आणि सप्टेंबरअखेर तो दीड कोटीवर जातो. बँकेचे कॅश क्रेडिट आहे, त्यामुळे विम्याची पॉलिसीही बँकेनेच काढून दिली आहे आणि प्रीमियम दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होतो. व्यापारी काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जातील असे घेतले आहेत, पण या घडणीची गोदामे तिथे गल्लोगल्ली आहेत.

या व्यापाऱ्याला विचारले तर तो सांगेल, "आमचा विमा आहे ना." आग, चोरी आणि पुरवठादार बुडणे हे तिन्ही धोके त्याच्या डोक्यात एकाच खात्यावर मांडलेले असतात, कारण तिन्हींचा शेवट एकच: माल नाही आणि गिऱ्हाईक दारात उभे. विम्याच्या कागदावर मात्र त्यांची वाट वेगवेगळी आहे. आगीचे पैसे बहुधा मिळतात, पण आकडा चुकला असेल तर निम्मेच मिळतात. चोरीचे पैसे चोर कसा आत आला यावर ठरतात. पुरवठादार बुडाला तर जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून पहिल्यासाठी आकडा नीट करावा लागतो, दुसऱ्यासाठी कुलूप आणि वही, आणि तिसऱ्यासाठी विमा सोडून वेगळीच तजवीज.

आगीची पॉलिसी आणि दीड कोटीचा आकडा

१ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे लहान व्यवसायांसाठी विमा नियामकाने ठरवून दिलेल्या दोन पॉलिसी आहेत. एका जागेवरच्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा सारखाच, त्यामुळे कंपन्यांमध्ये फरक पडतो तो प्रीमियमचा, जोडून मिळणाऱ्या संरक्षणांचा आणि क्लेमच्या वेळच्या वागणुकीचा. आपला व्यापारी पहिल्या प्रकारात बसतो. आग, स्फोट, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळे यात येते. आग विझवताना बंबाच्या पाण्याने भिजलेला मालही आगीच्याच नुकसानीत धरतात. भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे गाळ्याला गाळा लागून असतो, हे महत्त्वाचे आहे. शेजारच्या गाळ्यातला फोम पेटला आणि आपल्याकडे नुसते पाणी आले, तरी नुकसान लाखांत जाते.

एक गैरसमज इथेच दूर करू. "शॉर्ट सर्किटचे पैसे मिळत नाहीत" असे बाजारात सर्रास ऐकू येते. नाकारले जाते ते ज्या विजेच्या उपकरणात बिघाड झाला त्या उपकरणाचे नुकसान. तिथून आग पसरून जो माल जळला, त्याचे नुकसान पॉलिसीत येते.

आता मुख्य मुद्दा, विमा रकमेचा. बँकेने पॉलिसी काढताना ८० लाखांची रक्कम टाकली. बँक आपले कर्ज सुरक्षित करते. तुमच्या गोदामात दिवाळीआधी किती माल असतो हे पाहणे हे तिचे काम नाही. समजा २८ सप्टेंबरच्या रात्री आग लागली. गोदामात दीड कोटीचा माल होता, त्यातला ६० लाखांचा गेला. व्यापारी म्हणतो, विमा ८० लाखांचा आहे, नुकसान ६० चे, म्हणजे पूर्ण भरपाई मिळेल. पण हिशेब असा होत नाही. गोदामात दीड कोटीचा माल असताना विमा ८० लाखांचाच काढला, म्हणजे उरलेल्या ७० लाखांची जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली, असे धरतात. मग ६० लाखांना ८० ने गुणून १५० ने भागायचे. उत्तर येते ३२ लाख. त्यातून पॉलिसीत लिहिलेली अनिवार्य वजावट जाते, आणि जळक्या मालाच्या विक्रीतून जे येईल तेही नुकसानीत वजा धरतात.

याला अंडर-इन्शुरन्स म्हणतात. नव्या पॉलिसीत थोडी सवलत आहे: रक्कम १५ टक्क्यांपर्यंतच कमी पडली असेल तर कपात होत नाही. आपल्या उदाहरणात ती जवळपास ४७ टक्के कमी आहे, त्यामुळे सवलतीचा उपयोग शून्य. विमा निदान १ कोटी २७ लाख ५० हजारांचा असता तर ही कपात टळली असती.

यावर उपाय महाग नाही. एक म्हणजे ऑगस्टमध्येच विमा रक्कम तीन-चार महिन्यांसाठी वाढवून तसे एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा लेखी कागद, घेणे. दुसरा उपाय डिक्लरेशन पॉलिसीचा. त्यात वर्षातल्या सर्वांत मोठ्या साठ्याची रक्कम धरतात, दर महिन्याला प्रत्यक्ष किती माल होता ते कंपनीला कळवायचे, आणि वर्षअखेरीस जास्तीचा प्रीमियम ठरलेल्या मर्यादेत परत मिळतो. कागदावर दुसरा उपाय जास्त चोख आहे. पण माझा कल पहिल्याकडे आहे, कारण दर महिन्याचा आकडा न चुकता पाठवणारा लहान व्यापारी क्वचित दिसतो, आणि न पाठवलेल्या डिक्लरेशनवरून क्लेमच्या वेळी होणारा वाद प्रीमियमच्या बचतीपेक्षा महाग पडतो.

रक्कम ठरवताना किंमत कोणती धरायची? व्यापाऱ्याच्या मालासाठी खरेदीची किंमत आणि माल गोदामात येईपर्यंतचे भाडे-हमाली. विक्रीची किंमत नाही. नफा या पॉलिसीत येत नाही, त्याची वाट वेगळी आहे. आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या सीएलाही आग लागल्यावरच आठवते: जीएसटी. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा लिहून टाकलेल्या मालावरचे इनपुट क्रेडिट मिळत नाही, आधी घेतले असेल तर परत भरावे लागते. आपल्या उदाहरणात समजा ६० लाखांचा माल पूर्ण जळाला आणि त्यावर १८ टक्के कर होता. म्हणजे १० लाख ८० हजार रुपये सरकारला परत. विमा रक्कम कर वगळून ठरवली असेल तर कंपनी ही रक्कम देणार नाही, आणि तिचे म्हणणे बरोबर असेल. म्हणून विमा रक्कम जीएसटीसह ठरवावी आणि पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये तसा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. या हिशेबाने आपल्या व्यापाऱ्याची दिवाळीआधीची रक्कम दीड कोटी नव्हे, १ कोटी ७७ लाख येते.

शेड्यूल हातात आहे तोवर आणखी तीन ओळी वाचाव्यात. पत्ता: गाळा क्रमांक, इमारत, सर्व्हे नंबर बरोबर आहे का? बँकेच्या पॉलिसीत कधी कधी दुकानाचा किंवा जुन्या गोदामाचा पत्ता तसाच राहून गेलेला असतो. मालाचे वर्णन: "विद्युत उपकरणे" लिहून आत थिनरचे डबेही ठेवत असाल तर वाद अटळ आहे. तिसरी ओळ दुसऱ्याच्या मालाची. दुरुस्तीला आलेला, कमिशनवर ठेवलेला किंवा एखाद्या कंपनीने विश्वासाने ठेवायला दिलेला माल आपोआप येत नाही. तो "ताब्यात असलेला व ज्याची जबाबदारी विमाधारकावर आहे असा माल" म्हणून लिहून घ्यावा लागतो. रॅक, संगणक, वजनकाटा यांची रक्कम वेगळी टाकायची. इमारत भाड्याची असल्याने तिचा विमा घरमालकाचा, पण तो त्याने काढला आहे का हे विचारून घ्या, आणि भाडेकरारात आगीची जबाबदारी कोणावर टाकली आहे तेही पाहा.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा 'बी' नमुन्यातला दाखला घ्यायचा असतो. क्लेममध्ये नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर तो मागू शकतो. गाळेवाल्यांना वाटते हे इमारतीच्या सोसायटीचे काम. निदान एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी.

माल जळाला, पण होता हे कसे दाखवणार

क्लेममधला खरा वाद आगीवर फारसा होत नाही, तो आकड्यावर होतो. राखेतून मिक्सर मोजता येत नाहीत. मग सर्व्हेअर पुस्तकांवरून माल काढतो: वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवायची, त्यातून विकलेल्या मालाची खरेदी-किंमत वजा करायची.

आपल्या व्यापाऱ्याचे असे झाले असते. १ एप्रिलचा साठा ७० लाख. तेव्हापासून २८ सप्टेंबरपर्यंतची खरेदी ३ कोटी २० लाख. विक्री सुमारे २ कोटी ७९ लाख; त्यातून १४ टक्के नफा काढला की विकलेल्या मालाची खरेदी-किंमत २ कोटी ४० लाख. म्हणजे आगीच्या दिवशी गोदामात दीड कोटीचा माल हवा. मग वाचलेला माल मोजायचा, तो ९० लाखांचा निघाला की गेलेला ६० चा.

हा आकडा सर्व्हेअर आणखी दोन कागदांशी ताडून पाहतो: जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेला दर महिन्याला दिलेले स्टॉक स्टेटमेंट. गाडी इथे अडते. उचल जास्त मिळावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखवण्याची सवय अनेकांना आहे. बँकेला १ कोटी ९० लाख दाखवले आणि पुस्तके दीड कोटी म्हणतात, तर सर्व्हेअर दीड कोटीच धरेल. शिवाय यापुढे तुमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहील. बँकेलाही तो फरक कळेलच, कारण पॉलिसीवर तिचे नाव असल्याने भरपाईचा धनादेश आधी तिच्याकडे जातो.

आणि ही सगळी पुस्तके ज्या संगणकात आहेत तो संगणक गोदामातच असेल तर? हिशेबाचा बॅकअप रोज गोदामाबाहेर जायला हवा, क्लाउडवर किंवा सीएच्या कार्यालयात. त्याच्यासोबत पॉलिसीची प्रत, भाडेकरार, गिऱ्हाइकांची येणी आणि दर तीन महिन्यांनी फोनवर काढलेला गोदामाचा व्हिडिओ. व्हिडिओत रॅक, खोक्यांवरची लेबले आणि थप्प्यांची उंची दिसली पाहिजे. थप्पी छतापासून निदान अर्धा मीटर खाली ठेवायची, स्प्रिंकलर असेल तर ती अट आहेच, आणि नसला तरी बंबाचे पाणी वरपर्यंत पोचायला तेवढी जागा लागते.

आग लागली तर अग्निशमन दल, पोलीस आणि विमा कंपनी यांना लगेच कळवायचे, आणि दलाचा अहवाल व पंचनाम्याची प्रत मागायला दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवायचा. सर्व्हेअर येईपर्यंत कोरडा माल बाजूला काढायला हरकत नाही, उलट नुकसान वाढू न देणे ही तुमची जबाबदारीच आहे. पण भंगारवाल्याला काही द्यायचे नाही. "घाण साफ केली" म्हणून टेम्पो भरून जळका माल देऊन टाकला, तर त्या टेम्पोभर मालाचा पुरावाही गेला.

धंदा बंद राहिला त्याचे काय

वरचे सगळे मालापुरते झाले. दिवाळीचे दोन महिने हातचे गेले त्याची भरपाई वेगळ्या पॉलिसीतून होते, तिला आगीनंतरच्या नफानुकसानीची पॉलिसी म्हणतात. ती एकटी मिळत नाही; आगीची पॉलिसी सोबत हवी आणि आगीचा क्लेम मान्य व्हायला हवा.

हिशेब समजायला सोपा आहे. आपल्या व्यापाऱ्याची ६ कोटींची उलाढाल आणि १४ टक्के नफा, म्हणजे वर्षाला ८४ लाख. यातून गाळ्याचे भाडे, पगार, व्याज हे चालू खर्च भागतात आणि उरते ते मालकाचे. मागच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरची विक्री १ कोटी ६० लाख होती. यंदा आगीनंतर दुसऱ्याच्या जागेतून कशीबशी ५० लाखांची झाली. घट १ कोटी १० लाख, तिच्या १४ टक्के म्हणजे १५ लाख ४० हजार. तात्पुरत्या जागेचे भाडे आणि जादा वाहतूक यावर २ लाख गेले, पण त्या खर्चामुळेच ५० लाखांची विक्री वाचली, म्हणून तोही मागता येतो. जो खर्च बंदमुळे वाचला तो वजा होतो, आणि सुरुवातीच्या ठरलेल्या काही दिवसांचे, बहुधा सात, पैसे मिळत नाहीत.

इथे विचार करायचा तो भरपाईच्या मुदतीचा. गाळा दुरुस्त व्हायला दोन महिने लागतील असे वाटते. पण नवा माल भरायला पैसा लागतो, तो क्लेममधून येतो, आणि क्लेमला वेळ लागतो. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे रुळलेले असते. मी सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत घेणार नाही. लहान व्यापाऱ्याला ही पॉलिसी कोणी आपणहून सुचवत नाही, मागावी लागते.

विम्याचे पैसे येईपर्यंत धंदा चालू ठेवायचा तर दुसरी जागा आधीच ठरलेली हवी. नुसती ओळख असून भागत नाही. जीएसटी नोंदणीत ती जागा 'व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण' म्हणून चढलेली नसेल तर तिथे माल ठेवणे आणि तिथून बिल व ई-वे बिल काढणे अडचणीचे होते, आणि नोंदणीतल्या बदलाच्या मंजुरीला काही दिवस जातात. दिवाळीत ते दिवस परवडत नाहीत. म्हणून ठाणे, कल्याण किंवा नवी मुंबईकडच्या एखाद्या मित्र व्यापाऱ्याच्या गोदामातली थोडी जागा करार करून घ्यावी, आजच नोंदणीत चढवावी, आणि पॉलिसी फ्लोटर करून दोन्ही पत्ते तिच्यात घालावेत. फ्लोटरमध्ये एकच विमा रक्कम दोन्ही जागांतल्या मालाला लागू होते, माल इकडून तिकडे गेला तरी. आणि जागा घेतलीच आहे तर सगळ्यांत जास्त खपणारा पाचवा हिस्सा माल कायम तिकडेच ठेवावा. आगीच्या दुसऱ्या दिवशी विकायला काहीतरी असते.

चोर आत कसा आला

आगीच्या पॉलिसीत चोरी जवळजवळ नाही. आग, पूर किंवा दंगल झाली आणि त्याच गडबडीत सात दिवसांच्या आत माल पळवला, तेवढीच चोरी येते. बाकी चोरीसाठी घरफोडीची, म्हणजे बर्ग्लरी पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिच्या नावातच अट आहे. आत येताना किंवा बाहेर जाताना बळ वापरलेले असले पाहिजे: तोडलेले कुलूप, वाकवलेले शटर, उचकटलेला पत्रा, नाहीतर रखवालदाराला केलेली मारहाण. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात हाच अर्थ उचलून धरला. पॉलिसीत 'बळजबरीचा प्रवेश' लिहिले असेल तर नुसती चोरी पुरत नाही.

म्हणून एकाच गोदामातल्या दोन चोऱ्या पाहा. पहिलीत रात्री छताचा पत्रा उचकटून ९ लाखांचा माल गेला. एफआयआर, पत्र्याचे फोटो, तुटलेले स्क्रू, सगळे आहे. हा क्लेम चालतो. दुसरीत मार्चअखेर मोजणी केली तर ११ लाखांचा माल पुस्तकात आहे आणि रॅकवर नाही. कुलूप शाबूत. कधी गेला, कोणी नेला, माहीत नाही. मोजणीत सापडलेली तूट बर्ग्लरी पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेली असते, आणि स्वतःच्या नोकराचा हात असेल तर तेही. माझ्या मते लहान गोदामात दुसऱ्या प्रकारची चोरीच धंद्याला जास्त पोखरते, कारण पहिली एका रात्रीत कळते आणि दुसरी वर्षभर चालते.

नोकराच्या अफरातफरीसाठी फिडेलिटी गॅरंटी नावाची पॉलिसी असते, पण तिच्यात नोकर म्हणजे तुमच्या पगारपत्रकावरचा माणूस. माथाडी टोळीतला कामगार, सिक्युरिटी एजन्सीचा रखवालदार किंवा टेम्पोवाला आपोआप नोकर ठरत नाही; कंत्राटी माणसे त्यात हवी असतील तर लिहून घ्यावे लागते. शिवाय कोणी केले ते दाखवावे लागते. त्यामुळे इथे विम्यापेक्षा वही जास्त कामाची. रोज सकाळी दहा प्रकारचा माल निवडून मोजायचा आणि पुस्तकाशी ताडायचा, म्हणजे ११ लाखांची तूट पहिल्या ३० हजारांवरच पकडली जाते, आणि तेव्हा कोणत्या दिवशी कोण कामावर होते तेही सांगता येते. गेटपासशिवाय खोके बाहेर नाही, आणि गेटपास लिहिणारा व माल चढवून देणारा ही दोन वेगळी माणसे. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर गोदामातल्या टेबलाखाली ठेवू नये. चोर त्यालाही घेऊन जातो.

बर्ग्लरीत प्रीमियम वाचवण्याची एक रास्त सोय आहे. एका रात्रीत दीड कोटीचे पंखे आणि मिक्सर कोणी उचलून नेऊ शकत नाही, त्यामुळे 'फर्स्ट लॉस' तत्त्वावर एकूण साठ्याच्या २५ टक्क्यांइतकीच मर्यादा घेता येते. साठा १ कोटी ६० लाख जाहीर केला तर मर्यादा ४० लाख. पण एकूण साठ्याचा आकडा खराच सांगावा लागतो. तो कमी सांगितला तर इथेही आगीसारखी कपात होते. आणि गोदाम सलग सात दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवायची अट बहुतेक पॉलिसींत असते. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी ती ओळ जरूर शोधावी.

पुरवठादार बुडाला तर

नफानुकसानीच्या पॉलिसीला एक जोड मिळते: पुरवठादाराच्या कारखान्यात आग लागली आणि त्यामुळे तुमचा धंदा अडला, तर भरपाई. पुरवठादाराचे नाव-पत्ता पॉलिसीत हवा, आणि त्याच्याकडचे नुकसान तुमच्या पॉलिसीत येणाऱ्या कारणानेच झालेले हवे. म्हणजे त्याचा कारखाना जळाला तर पैसे आहेत. तो कर्जबाजारी झाला, मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळला किंवा त्याने फोन उचलणे बंद केले तर नाहीत. ट्रेड क्रेडिट नावाचा विमा ऐकून काही जण आशेने विचारतात, पण तो तुमचे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे, पुरवठादारासाठी नाही.

मग हा विमा स्वतःच उभा करायचा, माल आणि दुसरा पुरवठादार या रूपाने. त्याची किंमत काढता येते. आपला व्यापारी रोज ४० मिक्सर विकतो, खरेदी १,४०० रुपयांना. नेहमीचा पुरवठादार दहा दिवसांत माल देतो. नवा शोधून, नमुना पाहून माल यायला तीस दिवस. फरक वीस दिवसांचा, म्हणजे ८०० मिक्सर जादा ठेवायचे, ११ लाख २० हजार अडकवून. ११ टक्के व्याजाने वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. उलट, वर्षाच्या १२,००० मिक्सरांपैकी चौथा हिस्सा आजपासूनच दुसऱ्या पुरवठादाराकडून तीन टक्के महाग घेतला, तर ४२ लाखांवर १ लाख २६ हजार जातात. खर्च जवळजवळ सारखाच. पण दुसऱ्या वाटेने गेल्यास तो माणूस तुम्हाला ओळखतो, त्याचा माल किती परत येतो ते तुम्हाला कळलेले असते, आणि गरजेला तो पंधरा दिवसांत दुप्पट माल देऊ शकतो. मी चौथा हिस्सा दुसरीकडे देईन आणि जादा माल फक्त दिवाळीच्या आधी, निम्मा ठेवीन. इस्त्रीसारख्या मालाला आयएसआय मार्क लागतो. तिथे दुसऱ्या पुरवठादाराकडे परवाना आहे का हे पहिल्या ऑर्डरच्या आधीच पाहावे.

कोणी म्हणेल, वीस दिवस मिक्सर नसले तर नफा बुडतो सुमारे १ लाख ८२ हजार, मग एवढा खर्च कशाला? नुसत्या मिक्सरपुरते हे खरे आहे. पण दुकानदार मिक्सरसाठी दुसऱ्या घाऊकवाल्याकडे गेला की पंखे आणि इस्त्र्याही तिथूनच उचलतो. म्हणून ज्या मालासाठी गिऱ्हाईक दार बदलते तेवढ्याच मालाला दुसरा पुरवठादार ठेवायचा. बाकीचा संपला तर संपू द्यावा.

आगाऊ रक्कम हा वेगळा धोका आहे. दिवाळीच्या मालासाठी १२ लाख आगाऊ दिले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तर तुम्ही येणेकऱ्यांच्या रांगेत तारण असलेल्या बँकांच्या मागे उभे असता. रक्कम मोठी असेल तर बँक गॅरंटी मागावी. ती द्यायला तो तयार नसेल तर ऑर्डर तीन हप्त्यांत तोडावी, एका हप्त्याचा माल आल्यावर पुढचा आगाऊ द्यावा.

पुरवठादार ढासळतो आहे हे बहुतेक वेळा आधी दिसते, आणि ते जीएसटी पोर्टलवर फुकट दिसते. कोणाचाही जीएसटी क्रमांक टाकला की त्याने कोणत्या महिन्याचे विवरणपत्र कधी भरले ते कळते. वेळेवर भरणारा माणूस अचानक दोन महिने मागे पडला, तर त्याचा हात आखडला आहे असे समजावे. तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये त्याची बिले दिसेनाशी झाली तर तो तुमच्या खिशाचाही प्रश्न आहे, कारण त्याने कर भरला नाही तर तुमचे क्रेडिट अडकते. त्यासोबत नेहमीपेक्षा जास्त आगाऊ मागणे, रोखीवर न मागता सूट देणे, ऑर्डरपेक्षा कमी खोकी पाठवणे, बिलावर बँक खाते बदललेले दिसणे. यातल्या दोन गोष्टी एकाच महिन्यात दिसल्या, तर पुढची आगाऊ रक्कम थांबवून दुसऱ्या पुरवठादाराला त्याच दिवशी ऑर्डर द्यावी. खाते बदलल्याची खात्री मात्र बिलावरच्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून करावी.